प्रोजेक्ट रिपोर्टमधला पर्यावरण आणि कचऱ्याचा भाग: पावडर कोटिंगच्या छोट्या युनिटसाठी टाकीपासून ट्रकपर्यंत

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत नवीन युनिट टाकणारी आपली मुलं अधूनमधून प्रोजेक्ट रिपोर्ट दाखवायला आणतात. मशिनरी, बाजारपेठ, कर्जफेड हे सगळं नीट मांडलेलं असतं. पर्यावरणाचं पान मात्र दुसऱ्या कुणाच्या रिपोर्टमधून उचललेलं असतं. एका पॅनेल बॉक्सच्या युनिटच्या रिपोर्टमध्ये मला 'डाय इंटरमीजिएटचा गाळ', म्हणजे रंगरसायनांच्या कारखान्यातला कचरा, असा शब्द सापडला होता. तो रिपोर्ट बँकेत पास झाला, पण प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अर्जात तेच आकडे गेले आणि पुढचे आठ महिने दुरुस्त्यांमध्ये गेले.

चूक बहुतेक वेळा एकच असते. हा भाग सगळ्यात शेवटी लिहिला जातो, आणि तोवर टाक्या, शेड आणि पाण्याची लाइन ठरून गेलेली असते. तो सगळ्यात आधी लिहायचा असतो, कारण शेडमध्ये काय कुठे बसेल ते त्याच्यावरून ठरतं. हा लेख त्या लिहिण्याच्या क्रमाबद्दल आहे.

उदाहरणाला एक युनिट घेऊ. भाड्याची शेड, प्लॉट ५०० चौरस मीटर. विजेच्या पॅनेलचे बॉक्स बनवायचे, महिन्याला २० टन सीआरसीए, म्हणजे कोल्ड रोल्ड, पत्रा, सरासरी जाडी १.६ मिलिमीटर. कटिंग, बेंडिंग, वेल्डिंग, मग पत्रा साफ करून त्यावर पावडर धरणारा फॉस्फेटचा थर देणारी सात टाक्यांची फॉस्फेटिंग लाइन, पावडर बूथ आणि ओव्हन. एक पाळी, महिन्याला २५ दिवस, २० माणसं.

## टप्पा १: टाकी-टाकीने कागद भरा

रिपोर्ट उघडण्याआधी एक कोरा कागद घ्या आणि पत्रा ज्या क्रमाने पुढे जातो त्या क्रमाने प्रत्येक थांबा लिहा: तेल काढायचं डीग्रीझिंग, पाणी, गंज काढायचं अ‍ॅसिड पिकलिंग, पाणी, फॉस्फेटिंग, पाणी, गंज रोखायचं पॅसिव्हेशन. प्रत्येक थांब्यासमोर चार गोष्टी लिहायच्या: आत काय घालतो, टाकी किती लिटरची, ती किती दिवसांनी रिकामी होते, आणि रिकामी होते तेव्हा तो माल कुठे जातो. चौथा रकाना कोरा राहिला की समजा, तुमच्या प्लॅनमधलं भोक तिथे आहे.

मग पृष्ठभागाचा हिशेब करा, कारण केमिकल, पावडर आणि धुण्याचं पाणी टनांवर चालत नाही, चौरस मीटरवर चालतं. १.६ मिलिमीटरच्या पत्र्याचं वजन चौरस मीटरला १२.५६ किलो. २० टनांतून १० टक्के कात्रण गेलं, की १८ टन उरतात, म्हणजे सुमारे १,४३० चौरस मीटर पत्रा. दोन्ही बाजू कोट होतात, म्हणून महिन्याला साधारण २,८६० चौरस मीटर.

हा आकडा हातात आला की पावडरचा हिशेब लगेच निघतो. ६० मायक्रॉनचा थर आणि घनता १.५ धरली, तर चौरस मीटरला ९० ग्रॅम पावडर चिकटते, म्हणजे महिन्याला सुमारे २५७ किलो. एकच रंग चालवला आणि रिकव्हरी, म्हणजे उडालेली पावडर परत वापरणं, नीट असली, तर पाच टक्के वाया जाते, म्हणजे १४ किलो. पण ग्राहक दर दोन दिवसांनी रंग बदलायला लावत असेल आणि तुम्ही रिकव्हरी न करता उडवत असाल, तर वापर ६५ टक्क्यांवर येतो आणि महिन्याला १३८ किलोच्या आसपास पावडर गोळा करून फेकायची वेळ येते. आरएएल ७०३५ चा राखाडी रंग आठवडाभर एकसलग चालवायचा, की रोज बदलायचा, हे उत्पादनाचं ठरवणं असलं, तरी कचऱ्याचा आकडा त्यानेच दहापट होतो. म्हणून रिपोर्टमध्ये रंगबदलाचं वेळापत्रकही लिहा.

तपासा: कच्चा माल, तयार माल आणि कचरा यांची बेरीज जुळते का? २० टन आत आणि १८ टन बाहेर दाखवलं असेल, तर २ टन कात्रण कुठेतरी लिहिलेलं हवं.

## टप्पा २: तुम्ही कोणत्या गटात बसता ते आत्ताच ठरवा

नुसतं कटिंग, वेल्डिंग करणारं युनिट प्रदूषणाच्या यादीत बरंच खालच्या गटात येतं. फॉस्फेटिंग किंवा पिकलिंगची एक टाकी आत आली की चित्र बदलतं. केंद्रीय मंडळाच्या २०१६ च्या यादीत धातूच्या पृष्ठभागावरची ही प्रक्रिया लाल, म्हणजे सगळ्यात प्रदूषक, गटात आहे. यादी २०२५ मध्ये सुधारली आहे, म्हणून अर्ज करताना चालू यादीतली नोंद वाचून तिचा क्रमांक रिपोर्टमध्ये उतरवा. 'आम्ही इंजिनियरिंग युनिट' एवढं लिहून चालत नाही.

क्रम असा आहे. आधी स्थापनेची संमती, जिला सगळे सीटीई किंवा जुन्या सवयीने एनओसी म्हणतात. तिच्याआधी टाक्या बसवायच्या नाहीत. मग बांधकाम आणि ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट, पूर्ण करायचं. त्यानंतर सीसीए, म्हणजे जल कायदा १९७४, वायू कायदा १९८१ आणि घातक कचऱ्याचे २०१६ चे नियम या तिन्हींखालची एकत्रित संमती आणि अधिकारपत्र. गुजरातमध्ये हे अर्ज मंडळाच्या एक्सजीएन पोर्टलवर भरतात. सीसीए हातात आल्यावरच उत्पादन सुरू.

भाड्याच्या शेडमध्ये एक जास्तीची अडचण असते. मालक म्हणतो, 'अरे, शेडची परवानगी आहेच.' ती कोणाच्या नावाची आहे, कोणत्या उत्पादनाची आहे आणि किती क्षमतेची आहे, हे कागद हातात घेऊन वाचा. आधीचा भाडेकरू पत्रा कापत असेल, तर त्याची संमती तुमच्या अ‍ॅसिडच्या टाकीला लागू होत नाही. मागच्या भिंतीला जुने ड्रम पडले असतील, तर ताबा घेण्याआधी फोटो काढा आणि ते उचलायची जबाबदारी करारात लिहून घ्या. ताबा घेतल्यावर ते ड्रम तुमचे समजले जातील.

सावधान: बँकेच्या रिपोर्टमध्ये तिसऱ्या वर्षी ४० टन दाखवून सीसीएच्या अर्जात २० टन लिहू नका. वाढीची योजना असेल, तर पहिल्याच अर्जात मागा, किंवा रिपोर्टमध्ये लिहा की वाढीआधी संमतीत दुरुस्ती घेतली जाईल, आणि तिचा वेळ वेळापत्रकात धरा.

## टप्पा ३: पाण्याचा हिशेब बंद करा

हा टप्पा सगळ्यात जास्त वेळा चुकतो, म्हणून इथे थोडं थांबू.

तिन्ही पाण्याच्या टाक्यांत ओव्हरफ्लो चालू असतो. बादली आणि घड्याळ घेऊन मोजा: १० लिटरची बादली पाच मिनिटांत भरली, तर मिनिटाला २ लिटर. सहा तास चालवलं तर एका टाकीचे ७२० लिटर, तिन्हींचे २,१६० लिटर. यात जमीन धुण्याचे १०० लिटर. वाफ होऊन कमी झालेलं भरायला २०० लिटर. माणसांना कारखान्यात माणशी ४५ लिटर धरतात, म्हणून २० जणांचे ९०० लिटर. दिवसाला एकूण ३,३६० लिटर आत.

बाहेरही तेवढंच दिसायला हवं. २,२६० लिटर ईटीपीकडे, २०० लिटर वाफ, साधारण ८०० लिटर संडास-बाथरूमचं पाणी आणि १०० लिटर पिण्यात, शिंतोड्यात. बेरीज पुन्हा ३,३६०.

आता खरा प्रश्न येतो: ईटीपीतून निघालेलं पाणी कुठे जाणार? उचललेल्या रिपोर्टमध्ये एकच वाक्य असतं, 'प्रक्रिया केलेलं पाणी बागेला वापरण्यात येईल.' हिशेब करून पाहा. शेड ३०० चौरस मीटर, वाट, पार्किंग आणि साठवणीची जागा वजा केली की ५०० च्या प्लॉटमध्ये हिरवळीला जेमतेम ४० चौरस मीटर उरतात. चौरस मीटरला दिवसाला ५ लिटर दिले, तरी २०० लिटर खपतील. उरलेले दोन हजार लिटर रोज कुठे? आणि जुलै-ऑगस्टमध्ये तर बाग एक थेंबही घेणार नाही. तपासायला आलेला अधिकारी हा भागाकार उभ्या उभ्या करतो.

म्हणून तीन खऱ्या वाटांपैकी एक निवडा. पहिली, इस्टेटच्या ड्रेनेजमध्ये सोडणं. पण ती लाइन औद्योगिक पाणी घेते का आणि कोणत्या मर्यादेत, हे जीआयडीसीकडून लेखी घ्या. दुसरी, सामायिक ईटीपीला टँकरने पाठवणं. तिथे सदस्यत्व आणि राखून ठेवलेली क्षमता लागते. तिसरी, पाणी पुन्हा वापरणं: डीग्रीझिंगनंतरच्या पहिल्या धुण्यात ईटीपीचं पाणी चालतं, शेवटच्या धुण्यात नाही, कारण त्यातले क्षार पावडरखाली फोड आणतात.

चौथी गोष्ट फुकटात होते, ती म्हणजे पाणीच कमी वापरणं. जॉब टाकीत नसतानाही ओव्हरफ्लो चालू असतो, हे मी जवळजवळ प्रत्येक युनिटमध्ये पाहिलं आहे. दांडीवर काम करणाऱ्या माणसाच्या पायाशी एक व्हॉल्व्ह ठेवा आणि जॉब उचलताना टाकीवर अर्धा मिनिट निथळू द्या. सहा तासांचा ओव्हरफ्लो चार तासांवर आला की ईटीपीचं पाणी रोज ७२० लिटरने कमी होतं.

तपासा: पाण्याच्या मीटरची जागा आराखड्यात दाखवली आहे का? एक येणाऱ्या लाइनवर, एक ईटीपीच्या तोंडाशी, एक बाहेर जाताना. तीन मीटर नसतील, तर वरचा हिशेब पुढे कुणाला सिद्ध करता येणार नाही.

## टप्पा ४: कचऱ्याची यादी, क्रमांकासह

२०१६ च्या नियमांच्या पहिल्या अनुसूचीत प्रत्येक घातक कचऱ्याला क्रमांक आहे. रिपोर्टमध्ये, अर्जात, लेबलवर आणि ट्रकच्या कागदावर तोच क्रमांक चालतो. आपल्या उदाहरणातल्या युनिटची यादी अशी दिसेल:

| कचरा | क्रमांक | वर्षाला | कुठून |
|---|---|---|---|
| वापरलेलं अ‍ॅसिड | १२.२ | ६ हजार लिटर (सुमारे ६.६ टन) | पिकलिंग टाकी, १,५०० लिटर, तीन महिन्यांनी |
| फॉस्फेट गाळ | १२.५ | ४०० किलो | टाकीचा तळ, आठवड्याला ८ किलो |
| ईटीपीचा गाळ | ३५.३ | १.६ टन | गाळ वाळवायचा ड्राइंग बेड |
| वाया गेलेली पावडर | २१.१ | १७० किलो | बूथ |
| वापरलेलं तेल | ५.१ | २०० लिटर | कॉम्प्रेसर, जनरेटर |
| केमिकलचे रिकामे कॅन | ३३.१ | ३०० किलो | भांडार |
| तेलकट चिंध्या, हातमोजे | ३३.२ | ६० किलो | सगळीकडे |

सगळी बेरीज साडेनऊ टनांच्या आत येते. हा आकडा लक्षात ठेवा, टप्पा ६ मध्ये लागेल. स्वच्छ लोखंडी कात्रण या यादीत घालायचं नाही. ते भंगारात विकता येतं, फक्त त्याची पावती आणि वजन ठेवा.

इथे लोकांची ठरलेली चूक म्हणजे शेवटच्या दोन ओळी गाळणं. चिंध्या आणि कॅन किरकोळ वाटतात, म्हणून भंगारवाल्याला दिले जातात. तो कॅन पुढे कुणाच्या तरी घरी पाणी भरायला जातो. फॉस्फेटिंगच्या कॅनचा तळ धुतल्याशिवाय तो शेडबाहेर जाऊ देऊ नका, आणि ते धुतलेलं पाणीही ईटीपीतच गेलं पाहिजे.

## टप्पा ५: ईटीपी आधी बरणीत चालवा

ईटीपी विकणारा म्हणतो, 'तीन हजार लिटरचं घ्या, सगळं होईल.' घेण्याआधी अर्धा दिवस द्या. ओळखीच्या चालू युनिटमधून त्याच प्रक्रियेचं धुण्याचं पाणी आणा आणि एक-एक लिटरच्या काचेच्या बरण्यांत पाहा.

१. पीएच मोजा. मीटर आधी ४, ७ आणि ९.२ च्या बफरवर लावून घ्या. हे न केल्यामुळे सगळा प्रयोग वाया गेलेला मी पाहिला आहे.

२. भिजवलेल्या चुन्याचं ५ टक्के दूध थोडं थोडं घाला आणि पीएच ९ ते ९.५ वर आणा. या पट्ट्यात झिंक खाली बसतं. 'जास्त घातलं तर जास्त साफ' असं इथे होत नाही. पीएच ११ च्या पुढे गेला की खाली बसलेलं झिंक पुन्हा विरघळू लागतं.

३. हळू ढवळा, अर्धा तास ठेवा. वरचं पाणी नितळ झालं का, आणि गाळ कितव्या रेषेपर्यंत बसला, ते लिहून ठेवा.

४. गाळ गाळून, वाळवून वजन करा. समजा लिटरला ०.६ ग्रॅम निघाला. रोजच्या २,२६० लिटरचा १.३६ किलो कोरडा गाळ. ड्राइंग बेडवरून उचलताना त्यात कोरडा भाग साधारण २५ टक्के असतो, म्हणजे रोज ५.४ किलो ओला गाळ, ३०० दिवसांचा १.६ टन. टेबलमधला आकडा इथून आला.

५. वरचं पाणी सोडण्याआधी पीएच पुन्हा संमतीतल्या मर्यादेत आणा.

चुन्याऐवजी कॉस्टिक सोडा वापरला तर गाळ कमी होतो, म्हणून बरेच जण तो वापरतात. पण फॉस्फेट धरून खाली नेतं ते चुन्यातलं कॅल्शियम. कॉस्टिकने पाणी दिसायला स्वच्छ होईल, आणि फॉस्फेटचा बराच भाग त्यातच राहून नमुना नापास होईल.

डीग्रीझिंगची टाकी दोन महिन्यांनी बदलते तेव्हा १,५०० लिटर साबणी, तेलकट पाणी एकदम येतं. ते सरळ ईटीपीत सोडलं तर तेल गाळाला तरंगवतं आणि त्या दिवशी काहीच खाली बसत नाही. एक वेगळी धारण-टाकी ठेवा, वरचं तेल काढा आणि रोज १०० लिटरप्रमाणे पंधरा दिवसांत सोडा. ही टाकी आराखड्यात पहिल्या दिवसापासून हवी, मागून तिला जागा मिळत नाही.

आता वापरलेल्या अ‍ॅसिडचं. 'ईटीपीतच मारून टाकू' हा विचार कागदावर स्वस्त वाटतो. टाकी उपसताना त्यात लिटरला ५० ग्रॅम मोकळं हायड्रोक्लोरिक आणि ४० ग्रॅम विरघळलेलं लोखंड आहे असं धरा. १,५०० लिटरमध्ये ७५ किलो अ‍ॅसिड आणि ६० किलो लोखंड झालं. दोघांना मिळून दीडशे किलोहून थोडा जास्त चुना लागेल, आणि लोखंडाचा कोरडा गाळच शंभर किलोच्या आसपास, ओला चारशे. वर्षातून चारदा केलं की दीड टनाहून जास्त. म्हणजे ईटीपीचा गाळ जवळपास दुप्पट, ड्राइंग बेड दुप्पट, आणि गाळ उचलण्याचं बिलही दुप्पट. लहान ईटीपीच्या युनिटने अ‍ॅसिड वेगळं साठवून अधिकृत घेणाऱ्याकडे पाठवावं असं माझं स्पष्ट मत आहे. तुम्ही जे निवडाल ते रिपोर्टमध्ये हिशेबासकट लिहा.

सावधान: फॉस्फेटिंगचा टोनर म्हणजे सोडियम नायट्राइट. तो आणि अ‍ॅसिड कधीही एका ड्रममध्ये जाऊ देऊ नका.

मी एका युनिटचं काम पाहत होतो, तेव्हा हे माझ्या डोळ्यांसमोर झालं. शनिवारी संध्याकाळी साफसफाई चालली होती. नवीन हेल्परने उरलेला अर्धा कॅन टोनर जवळच्या अर्ध्या भरलेल्या ड्रममध्ये ओतला. ड्रमवर लेबल नव्हतं. आत वापरलेलं अ‍ॅसिड होतं. एका मिनिटात ड्रमच्या तोंडातून तपकिरी-नारिंगी धूर उसळला. मुलगा खोकत बाहेर पळाला, आणि त्याला रात्रभर दवाखान्यात देखरेखीखाली ठेवावं लागलं, कारण या धुराचा फुप्फुसांवरचा परिणाम काही तासांनीही दिसू शकतो. तो वाचला. ड्रमवर लेबल लावायचं काम माझ्या यादीत होतं, आणि ते मी सोमवारवर ढकललं होतं.

## टप्पा ६: साठवणीची जागा, पुराची रेषा धरून

घातक कचरा आवारात ९० दिवसांहून जास्त ठेवता येत नाही. वर्षाला १० टनांच्या आत असलेल्या लहान युनिटला मंडळ १८० दिवसांपर्यंत मुदत वाढवून देऊ शकतं. आपलं युनिट त्यात बसतं, पण ही मुदत आपोआप मिळत नाही, अर्जातच मागावी लागते.

जागा अशी आखा. वर पक्कं छप्पर, खाली अ‍ॅसिड झेलणारी फरशी, चारी बाजूंनी बांध, आणि उतार एका खड्ड्याकडे, ज्यातून पंपाने ईटीपीत नेता येईल. बांधाच्या आत सगळ्यात मोठ्या भांड्याच्या ११० टक्के तरी मावलं पाहिजे. २०० लिटरच्या ड्रमला २२० लिटर. अ‍ॅसिड आणि टोनर, अ‍ॅसिड आणि अल्कली, तेल आणि बाकी सगळं, यांच्यात भिंत हवी, पट्टी रंगवून भागत नाही. १,५०० लिटर अ‍ॅसिडला २०० लिटरचे आठ प्लास्टिक ड्रम लागतात, तेही काठोकाठ न भरता. लोखंडी ड्रममध्ये अ‍ॅसिड ठेवलं तर आत हायड्रोजन बनतो आणि ड्रम फुगतो.

लेबल फॉर्म ८ प्रमाणे: चमकदार पिवळ्या पार्श्वभूमीवर 'घातक कचरा' आणि 'काळजीपूर्वक हाताळा' हे शब्द लाल रंगात, हिंदी, इंग्रजी आणि स्थानिक भाषेत. आपल्याकडे स्थानिक म्हणजे गुजराती. पाण्याने न पुसणारं लेबल हवं, मार्करने लिहिलेली चिठ्ठी चालत नाही. ड्रम भरायला सुरुवात केली तीच तारीख त्यावर लिहा, कारण दिवस तिथून मोजायचे.

बडोद्याच्या माणसाला वेगळं सांगायला नको, पण रिपोर्टमध्ये हे कुणी लिहीत नाही: जुलै २०१९ आणि ऑगस्ट २०२४. विश्वामित्रीने शहरात पाणी भरलं, तेव्हा शेडमधले ड्रमही तरंगू शकतात, आणि ईटीपीची टाकी काठोकाठ असेल तर ती पुराच्या पाण्यात मिसळते. तुमच्या गल्लीत पाणी कुठवर आलं होतं, ते शेजारच्या चहावाल्याला विचारा, वॉचमनला विचारा, भिंतीवरची रेषा पाहा. साठवणीचा ओटा त्या रेषेच्या वर घ्या. ते जमत नसेल, तर पावसाळ्याआधी, म्हणजे मेअखेरपर्यंत, अ‍ॅसिड आणि गाळ उचलून जागा रिकामी करायचं वेळापत्रक लिहा.

तपासा: ओट्यापर्यंत ट्रक येतो का? कचऱ्याची खोली सगळ्यात मागे बांधली, तर दर वेळी अ‍ॅसिडचे ड्रम बूथमधून लोटत न्यावे लागतात.

## टप्पा ७: माल गेटबाहेर जातो तेव्हा

सामायिक साठवण आणि विल्हेवाट केंद्राचं सदस्यत्व आधी घ्या. अशा सुविधा नंदेसरीला आहेत, अंकलेश्वरला आहेत. सदस्यत्वाचं पत्र आणि दरपत्रक रिपोर्टला जोडा. ते गाळाचा नमुना तपासून, घेणार की नाही आणि कोणत्या दराने, हे सांगतात. तो दरच खर्चाच्या पानावर लिहायचा, अंदाज नाही.

वाहतूक अधिकृत वाहनानेच. प्रत्येक खेपेला फॉर्म १० चा मॅनिफेस्ट, म्हणजे कचऱ्यासोबत जाणारा कागद, बनतो आणि चालकाला फॉर्म ९ प्रमाणे आणीबाणीची माहिती द्यावी लागते. मॅनिफेस्टच्या सात प्रती असतात, प्रत्येकीचा रंग वेगळा. तुमच्या दृष्टीने तीन महत्त्वाच्या: पांढरी तुम्ही मंडळाला देता, पिवळी वाहतूकदाराच्या सहीनंतर तुमच्याकडे राहते, आणि निळी माल घेणाऱ्याकडून तुमच्याकडे परत येते. मॅनिफेस्ट पोर्टलवर निघत असला तरी हा अर्थ बदलत नाही.

बहुतेक जण पिवळीवर थांबतात. ट्रक गेला, सही झाली, विषय संपला. पण माल ठरल्या जागी पोचला याचा पुरावा निळी आहे. ती आली नाही आणि तो गाळ कुठल्या नाल्याकाठी सापडला, तर कागदावर शेवटचं नाव तुमचं असतं. रजिस्टरमध्ये 'निळी आली ती तारीख' असा रकाना ठेवा. आपल्या गेटवरचं वजन आणि निळीवरचं वजन यांत फरक दिसला, तर त्याच दिवशी फोन करून विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

## टप्पा ८: कोण करणार आणि कधी

या टप्प्यात माणसांची नावं लिहायची, कारण 'व्यवस्थापन देखरेख करेल' या वाक्याने कोणतंही काम होत नाही. रोज ईटीपीचे तीन मीटर आणि पीएच कोण लिहिणार? तो सुटीवर असला की कोण? फॉर्म ३ ची नोंद, म्हणजे कोणता कचरा किती तयार झाला, किती गेला, किती उरला, ती ज्याच्या हातात किल्ली आहे त्यानेच भरायची. वार्षिक विवरण फॉर्म ४ मध्ये, दर वर्षी ३० जूनपर्यंत. फॉर्म ३ रोज भरला असेल तर फॉर्म ४ ला एक दुपार पुरते. नसेल तर जूनअखेरीस आकडे रचले जातात, आणि रचलेले आकडे मॅनिफेस्टच्या बेरजेशी जुळत नाहीत.

खर्चाच्या पानावर भांडवली आणि चालू खर्च वेगळे दाखवा. ईटीपी, धारण-टाकी, बांध, ओटा, मीटर हे भांडवली. चुना, वीज, प्रयोगशाळेची तपासणी, गाळ आणि अ‍ॅसिड उचलण्याचं बिल, संमतीचं नूतनीकरण हे चालू. चालू खर्च तयार मालाच्या टनावर उतरवून किमतीत धरा. तो धरला नाही की कोटिंगचा दर कमी सांगितला जातो, आणि चौथ्या महिन्यात अ‍ॅसिड उचलायला पैसे नसतात. रात्री गटाराचं झाकण उघडलं जातं ते त्या महिन्यात.

रिपोर्ट बांधायला देण्याआधी तीन कागद शेजारी ठेवा: बँकेचा रिपोर्ट, एक्सजीएनवरचा अर्ज आणि शेडचा आराखडा. महिन्याचं उत्पादन, रोजचं ईटीपीचं पाणी, पिकलिंग टाकीचं माप आणि वर्षाचा गाळ, हे चार आकडे तिन्हींवर बोट ठेवून वाचा. माझ्याकडे शेवटी आलेल्या रिपोर्टमध्ये टाकी आराखड्यात २,००० लिटरची होती आणि अर्जात १,५०० ची. फॅब्रिकेटरने उरलेला पत्रा वापरून ती मोठी केली होती. टाकी तशीच ठेवून अर्ज दुरुस्त केला, आणि ओट्यावर आणखी तीन ड्रमची जागा काढावी लागली.